ऑन-रोड किमतीची फोड

छोट्या व्यापाऱ्यांची पुस्तके तपासताना ‘मोटार कार’ हे खाते उघडले की त्यात बहुतेक वेळा एकच आकडा दिसतो आणि तो शोरूमने दिलेल्या ऑन-रोड किमतीशी रुपयापर्यंत जुळतो. जमाखर्च लिहिणाऱ्याला यात काही खटकत नाही. पैसे एकाच शोरूमला गेले, गाडी आली, म्हणजे सगळी रक्कम गाडीचीच, असा त्याचा सरळ हिशेब असतो. माझे म्हणणे असे की ऑन-रोड किंमत ही किंमतच नव्हे. वेगवेगळ्या लोकांना, वेगवेगळ्या कारणांसाठी आणि वेगवेगळ्या मुदतीसाठी दिलेल्या रकमांची ती बेरीज आहे. शोरूमवाला त्यातली गाडी विकतो, रोड टॅक्स आणि विम्याचे पैसे मात्र तो फक्त गोळा करून पुढे पोचवतो. म्हणून नोंद करताना कोटेशनचा कागद बाजूला ठेवून मी चार कागद मागवतो: शोरूमचे टॅक्स इन्व्हॉइस, आरटीओची कर व फी भरल्याची पावती, विम्याची पॉलिसी आणि अॅक्सेसरीजचे बिल. या चारांची बेरीज आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे यांत फरक निघाला, तर तो कशाचा हे तिथल्या तिथेच विचारावे. ‘हँडलिंग’च्या नावाखाली काही घेतले असेल तर ते याच ठिकाणी उघडे पडते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातली गाडी घेऊ. महाराष्ट्रातल्या एका व्यापाऱ्याने स्वतःच्या नावावर, धंद्याच्या वापरासाठी, चार मीटरच्या आतली आणि बाराशे सीसीच्या आतली पेट्रोल कार घेतली आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी ती ताब्यात आली. गाडीची मूळ किंमत ९,००,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६२,०००, म्हणजे इन्व्हॉइस १०,६२,००० रुपयांचे. गाडी दहा लाखांवरची, म्हणून शोरूमने एक टक्का टीसीएस म्हणजे १०,६२० रुपये घेतले. एकरकमी मोटार वाहन कर १,२७,४४०, नोंदणीची फी धरू १,०००, कर्जाचा बोजा आरसीवर चढवण्याची फी १,५००, विमा ४०,०००, एक्स्टेंडेड वॉरंटी १८,००० आणि अॅक्सेसरीज ३०,०००. एकूण १२,९०,५६०. पुस्तकात सापडतो तो हाच आकडा.

यातले गाडीच्या खात्यावर काय चढावे, याची कसोटी हिशेबाच्या मानकात आहे. कंपन्यांना लागू असलेले एएस १० असो वा इंड एएस १६, दोन्हींचा आशय एकच. खरेदी किंमत, परत न मिळणारे कर आणि मालमत्ता वापरण्याजोग्या स्थितीत आणण्यासाठी थेट झालेला खर्च, एवढेच मालमत्तेच्या किमतीत धरायचे. प्रोप्रायटरच्या पुस्तकांवर मानकाची सक्ती नसली तरी यापेक्षा चांगली कसोटी मला माहीत नाही. मी ती दोन प्रश्नांत विचारतो. हा पैसा परत मिळणार आहे का? आणि हा पैसा गाडीसाठी एकदाच दिला, की ठरावीक मुदतीच्या सेवेसाठी? पहिल्या प्रश्नाने जीएसटी आणि टीसीएस यांचा निकाल लागतो, दुसऱ्याने रोड टॅक्स, विमा आणि वॉरंटी यांचा.

जीएसटीचे पाहू. चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी गाडीवरच्या कराचे क्रेडिट सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने रोखले आहे. गाड्यांचाच व्यापार, प्रवासी वाहतुकीचा धंदा किंवा ड्रायव्हिंग स्कूल असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या व्यापाऱ्याला १,६२,००० परत मिळणार नाहीत, म्हणून ते गाडीच्या किमतीतच जातात. त्याने कारऐवजी मालवाहू टेम्पो घेतला असता आणि तो नियमित करदाता असता, तर तोच जीएसटी क्रेडिटमध्ये गेला असता आणि टेम्पो कराशिवायच्या किमतीला चढला असता. क्रेडिटही घेतले आणि त्याच रकमेवर घसाराही घेतला, असे दोन्ही चालत नाही. कलम १६(३) घसारा घेतल्यास क्रेडिट नाकारते. पोर्टलवर 2B मध्ये गाडीचे इन्व्हॉइस दिसते म्हणून क्रेडिट उचलणारे पुष्कळ आहेत. तिथे दिसणे आणि मिळण्याजोगे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टीसीएसची चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती टाळायला विशेष ज्ञान लागत नाही. तो ग्राहकाच्याच प्राप्तिकरापोटी आधी घेतलेला पैसा. फॉर्म 26AS मध्ये तो त्याच्या पॅनवर दिसतो आणि विवरणपत्रात वळता होतो. तो गाडीत मिसळला की दोनपैकी एक घडते. एक तर क्रेडिट मागायचेच राहते आणि १०,६२० रुपये हातातून जातात. नाहीतर सल्लागार 26AS पाहून क्रेडिट मागतो, पण पुस्तकात ती रक्कम गाडीतच राहते आणि परत मिळालेल्या पैशावर वर्षानुवर्षे घसारा चालू राहतो. वार्षिक हिशेब पक्के करण्याआधी 26AS समोर ठेवला की ही चूक लगेच दिसते.

रोड टॅक्सवर खरा वाद आहे. कर म्हटला की तो महसुली खर्च, ज्या वर्षी भरला त्याच वर्षी नफ्यातून वजा करावा, असे अनेकजण मांडतात. मालवाहू गाडीचा दरवर्षी भरावा लागणारा कर असाच वजा व्हायला हवा, हे मलाही मान्य आहे. पण खासगी कारचा कर महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी एकरकमी घेतला जातो. व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला तो किमतीच्या टप्प्यानुसार ११ ते १३ टक्के बसतो. तो भरल्याशिवाय नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. भरल्यावर तो गाडीबरोबर राहतो. याच राज्यात गाडी विकली तर नव्या मालकाला तो पुन्हा भरावा लागत नाही, म्हणजे जुन्या गाडीच्या भावातही तो मुरलेला असतो. म्हणून मी तो आणि नोंदणी फी गाडीच्या खात्यावर चढवतो. चॉइस नंबरसाठी मोजलेले पैसे मात्र नाही. साध्या नंबरानेही गाडी तितकीच धावते. हौसेला मोल नसते म्हणतात ते खरे, पण त्या मोलाला घसारा कशाला?

आता विमा. माझ्या भूमिकेवरचा सर्वांत मजबूत आक्षेप इथे येतो. विमा नसेल तर नोंदणीही होत नाही, मग रोड टॅक्सला लावलेला तर्क विम्याला का नको? फरक मुदतीचा आहे. विम्याची गरज पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच दुसऱ्या वर्षीही असते आणि पहिला हप्ता दुसऱ्या वर्षाच्या कामाला येत नाही. हप्त्यातून विकत घेतलेली गोष्ट म्हणजे ठरावीक तारखांमधले संरक्षण, आणि त्या तारखा पॉलिसीवर छापलेल्या असतात. पुढच्या वर्षीचा हप्ता कोणीच गाडीत मिळवत नाही. मग पहिलाच का मिळवायचा? गाडी आपल्याकडे येईपर्यंतच्या वाहतुकीचा विमा वेगळा काढावा लागला असेल तर तो किमतीत जाईल, कारण त्याचे काम गाडी पोचताच संपते.

आपल्या उदाहरणात विम्याचे दोन भाग आहेत. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. हजार सीसीच्या वरच्या अशा गाडीला त्याचा हप्ता १०,६४० आणि जीएसटी धरून सुमारे १२,५५५. उरलेले २७,४४५ गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या एका वर्षाच्या विम्याचे. मार्च २०२६ अखेर पाच महिने होतात. म्हणून एक वर्षाच्या हप्त्याचे बारातले पाच भाग आणि तीन वर्षांच्या हप्त्याचे छत्तीसातले पाच भाग, मिळून सुमारे १३,१७९ रुपये या वर्षीचा खर्च. बाकीचे २६,८२१ आगाऊ दिलेला खर्च म्हणून ताळेबंदात. हेच ४०,००० गाडीत मिसळले तर काय होते? प्राप्तिकरात कारला घटत्या शिलकीवर १५ टक्के घसारा मिळतो आणि पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. म्हणजे पहिल्या वर्षी जेमतेम ३,००० वजा होतात. त्याच दराने पुढे चालत गेलो तर मार्च २०२९ अखेर विम्याचे सुमारे २२,७२० रुपये ‘गाडी’ म्हणून शिल्लक दिसतील. थर्ड पार्टी पॉलिसी तर ऑक्टोबर २०२८ मध्येच संपलेली असेल. ‘शेवटी घसाऱ्यातून सगळे वजा होतेच ना’ या युक्तिवादाला मी हाच आकडा दाखवतो. वजा होते, पण संपलेल्या गोष्टीचे, अनेक वर्षे उशिरा आणि कधीच पूर्ण नाही.

एक्स्टेंडेड वॉरंटीलाही हाच न्याय, फक्त तिची मुदत कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते. तोवर १८,००० जसेच्या तसे आगाऊ खर्चात राहतात. कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० कर्जामुळे लागले, गाडीमुळे नव्हे. गाडी रोखीने घेतली असती तर ते लागलेच नसते, म्हणून ते कर्जाच्या खर्चात. अॅक्सेसरीजचे बिल ओळीओळीने वाचावे लागते. गाडीला बसवलेली अलॉय व्हील्स, मागचा कॅमेरा, सीट कव्हर यांचे २४,००० धरू, ते गाडीत. मॅट, झाकायचे कव्हर, पॉलिश यांचे ६,००० त्याच वर्षी खर्चात. सीट कव्हर खर्चात टाकणाऱ्याशी मी भांडणार नाही. मात्र हे बिल दुकानात रोखीने भागवलेले असेल तर तारीख आणि रक्कम पाहावी. एका व्यक्तीला एका दिवसात दहा हजारांहून जास्त रोख दिली असेल, तर प्राप्तिकरात ती मालमत्तेच्या किमतीत धरली जात नाही.

या फोडीनंतर गाडी १२,१४,४४० ला चढते. बाकीचे ७६,१२० टीसीएस, विमा, वॉरंटी, कर्जाची फी आणि किरकोळ खर्च अशा आपापल्या खात्यांत जातात. पहिल्या वर्षीचा निम्मा घसारा ९१,०८३. सगळे एकत्र धरले असते तर तो ९६,७९२ आला असता. साडेपाच-पावणेसहा हजारांच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला, असे यावर विचारले जाते. नुसता घसारा पाहिला तर प्रश्न योग्य आहे. पण एकत्र नोंदीत या वर्षीचे १३,१७९ विम्याच्या खात्यावर येतच नाहीत आणि १०,६२० चा कर हरवू शकतो. शिवाय नोव्हेंबर २०२६ मध्ये नूतनीकरणाचा हप्ता खर्चात पडला की विमा खर्च शून्यावरून एकदम उसळल्यासारखा दिसतो आणि बँकेचा माणूस त्याचे कारण विचारतो. लाखाच्या आतल्या स्कूटरला मी सीट कव्हर आणि नंबर प्लेट वेगळी करत बसत नाही. तिचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मात्र तिथेही बाजूला काढतो, कारण पॉलिसी हातात असताना त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.