जोर खुब्यांचा

डंबेल दोन पायांमधून मागे जातं, क्षणभर तिथे रेंगाळतं आणि छातीच्या उंचीपर्यंत वर येतं. पाहणाऱ्याला वाटतं, हातांनीच उचललं. खरं तर हात झोपाळ्याच्या कड्यांइतकंच काम करतात. झोका देतात ते खुबे. स्विंगची सारी गोडी या झोक्यात आहे आणि धोकाही तिथेच आहे.

म्हणून हातात वजन घेण्याआधी भिंतीशी ओळख करून घ्यावी. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहायचं, गुडघे किंचित सैल सोडायचे आणि पाठ सरळ ठेवून नितंबच मागे न्यायचे, भिंतीला टेकेपर्यंत. मांड्यांच्या मागे ताण जाणवला की जमलं. गुडघेच पुढे येऊ लागले तर ती बैठक झाली, स्विंग नव्हे.

शेजारच्या वहिनींनी सुरुवात सहा किलोंच्या डंबेलने केली. डंबेल उभं धरून वरच्या गोळ्याखाली दोन्ही तळहात गुंफायचे. चकत्या बदलता येणारं डंबेल असेल तर दर वेळी कडी घट्ट आवळलेली पाहायची. घामेजले हात पुसायचे, ओल्या फरशीवर उभं राहायचं नाही, समोर कुणाला येऊ द्यायचं नाही. डंबेल खाली येताना वाकायची घाई नको. हात मांड्यांना लागले की मग वाकायचं. त्याआधी वाकलं तर वजन गुडघ्यांखाली लोंबतं आणि कंबरेला ओढतं. वर येताना श्वास सोडत नितंब आवळायचे, ताठ उभं राहायचं, मागे झुकायचं नाही.

वहिनींचं सर्किट साधं आहे: बारा स्विंग, आठ बैठका, ओट्याला हात टेकून आठ पुश-अप, मग एक मिनिट विसावा. अशा चार फेऱ्यांना साधारण दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पुरे.

तिसऱ्या-चौथ्या फेरीत शरीर चोरी करू लागतं. खांदे कानांकडे चढतात, पाठ गोल होते, डंबेल हातांनी ओढलं जातं. नववा स्विंग असा झाला तर दहावा करायचा नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या आणि नितंब दुखले तर काम योग्य जागी झालं. कंबर धरली तर वजन बाजूला ठेवून पुन्हा भिंतीपाशी जायचं. कळ पायात उतरली तर थांबायचंच. मणक्याची गादी सरकलेली असेल, हर्निया किंवा वाढलेला रक्तदाब असेल, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

चरबीचा हिशेब मात्र ताटात ठरतो. या दहा मिनिटांत जळतं त्याहून अधिक एक वडापाव परत देतो. घास थोडे कमी झाले की वजन उतरतं, आणि त्या उतरणीत स्नायू झिजू नयेत म्हणून अंगाला असा भार हवा.