रात्रपाळीचा दिवस

दिवसा झोपणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात एक सूक्ष्म तिरस्कार असतो. सूर्य डोक्यावर आला तरी जो अंथरुणात आहे तो आळशी, असा निवाडा त्याची हकीकत न विचारताच आपण देऊन टाकतो. आमच्या मालवणाकडच्या लोकांनी तरी तो देऊ नये. इथल्या घराघरांतली माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. तिथली तिसरी पाळी मध्यरात्री भरे आणि सकाळी सातला सुटे. गिरणगावातल्या खोल्यांत गर्दी अशी की, एकजण पाळीवर गेला म्हणजे त्याच्याच जागेवर दुसरा पाठ टेकी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मावळल्या. रात्रपाळी मात्र मावळली नाही.

माझी भाची किनाऱ्यावरच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. सकाळपाळी ८ ते २, दुपारपाळी २ ते ८ आणि रात्रपाळी ८ ते ८. रात्रपाळीहून आली की ती डोळे चोळीत म्हणते, “मामा, झोप येता, पण लागणा नाय.” या चार शब्दांत सारे शास्त्र आले आहे. झोपेचे धनी दोन. एक म्हणजे जागरणाचे कर्ज : जितके जागावे तितके ते वाढते. दुसरे म्हणजे मेंदूतले घड्याळ. ते उजेडावर लागते आणि पहाटे चारच्या सुमारास शरीराला अगदी थंड व सुस्त करते. या घड्याळाची पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळी कर्ज म्हणते ‘नीज’, घड्याळ म्हणते ‘ऊठ’; म्हणून दिवसाची झोप एकदोन तासांनी तरी तोकडीच पडते.

या घड्याळाची एक खोड आहे : बहुतेकांत ते चोवीस तासांहून किंचित सावकाश चालते. त्यामुळे निजणे पुढे ढकलणे सोपे, मागे ओढणे कठीण. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र आणि त्यानंतर सुट्टी हा पाळ्यांचा क्रम शरीराला मानवतो. सकाळपाळी २ वाजता सुटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपाळी २ लाच लागली, तर मध्ये पुरे चोवीस तास मिळतात. दुपारपाळीहून रात्रपाळीवर जातानाही तेवढेच.

भाचीच्या यादीत क्रम नेमका उलटा होता. दुपारपाळी रात्री ८ ला सुटे आणि सकाळपाळी दुसऱ्या दिवशी ८ लाच भरे : मध्ये बारा तास. त्यातून एस. टी. ची वाट, स्वयंपाक, जेवण, पुन्हा पहाटेची तयारी वजा करा. झोपेला सहा उरले तर नशीब. एकदा तर कोणी रजेवर गेले म्हणून रात्रपाळीहून सुटलेल्या तिला त्याच दिवशी दुपारी २ ला बोलावणे आले. सहा तासांतली झोप किती, हे वाचकांनीच मोजावे.

थकवा ओळखायचा कसा? एकच ओळ दोनदा वाचावी लागते. औषधाची मात्रा लिहिताना हात अडतो. घरी आल्यावर वाटेतला शेवटचा मैल आठवत नाही. ही तिसरी खूण दिसली की दुचाकी हाती घेऊ नये. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष मद्याचा अंमल असलेल्यासारखे चुकतात, असे १९९७ सालच्या एका प्रयोगात आढळले. म्हणून तिच्या वॉर्डात आता मध्यरात्रीनंतर पाळीपाळीने वीस मिनिटांची डुलकी घेतात. त्याहून लांबली तर उठल्यावर गुंगी राहते. दोननंतर चहा नाही. पहाटेचे प्रत्येक इंजेक्शन दोघींनी वाचून पाहायचे. घरी खिडकीला काळे कापड.

पण यादी कोण करतो, हा खरा प्रश्न. यादी पंधरा दिवस आधी लावा, असे जिने तोंड उघडून म्हटले, तिच्या वाट्याला लागोपाठ रात्री आल्या. शिवी नाही, आवाज नाही, नुसत्या रात्री! हा छळ डोळ्यांना दिसत नाही, कागदावर मात्र दिसतो. म्हणून भाचीने व तिच्या सोबतिणींनी वहीत तारीख, तास, हुकूम देणाराचे नाव आणि किती वेळ आधी कळले, एवढेच लिहून ठेवले. तीन महिन्यांनी चौघींनी मिळून ती वही वरिष्ठांपुढे ठेवली. तक्रार एकटीची असती तर स्वभावाची ठरली असती. चौघींची वही कामाची ठरली. क्रम सुलटला. संमतीवाचून अदलाबदल होणार नाही, असे लेखी मिळाले. २०२१ च्या आयएसओ ४५००३ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचेही हेच म्हणणे : पाळ्यांची रचना आणि छळ हे कामातले धोके आहेत, यंत्राचा उघडा पट्टा जसा झाकायचा, तसे ते कामाच्या जागीच दूर करायचे.

तरीही उत्तम यादीने रात्रीचा दिवस होत नाही. उजेड घड्याळाला रोज खरी वेळ सांगतच राहतो, म्हणून वर्षानुवर्षे रात्रपाळी करणाऱ्यांचेही शरीर क्वचितच रुळते. यादी फक्त कर्ज वाढू देत नाही. फेडायचे ते सुट्टीच्या दोन रात्रींनीच. त्या दोन रात्री कोणी मागायला आले, तर भाची आता वही पुढे करते.