मुरलेली बुद्धी

माणूस तरुणपणी चष्मा विसरला तर तो वेंधळा ठरतो आणि सत्तरीत विसरला तर घरची मंडळी म्हणतात, "आता डोकं चालेना!" हा न्याय मला काही पटत नाही.

माझे मामा जळगावला कापसाच्या व्यापारात वाढले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मोबाइलवरून पैसे पाठवण्याची रीत नातवाला चार वेळा दाखवावी लागते. दोन माणसे एकदम बोलू लागली की त्यांचा धागा सुटतो. पण कापूस चिमटीत धरून ओढला की तंतूची लांबी ते आजही बिनचूक सांगतात, आणि अहिराणी म्हणी तर त्यांच्या जिभेवरच असतात.

१९६३ साली मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी या दोन बुद्धींचा भेद प्रयोगाने तपासला. अनोळखी कोडे सोडवणारी ती प्रवाही आणि अनुभवातून घट्ट झालेली ती स्फटिकरूप. लोणच्याचा विचार केला, तर दुसरीला मी मुरलेली म्हणेन! प्रवाही बुद्धी तरुणपणानंतर हळूहळू उतरते, कारण मेंदूचा वेगच मंदावतो. दुसरी पायरी गाठेपर्यंत पहिली हातून निसटते. मुरलेली मात्र साठी-सत्तरीपर्यंत टिकते. त्यानंतर तीही थोडी ओसरते, पण उशिरा.

मामांना जुन्या अडत्याचे नाव आठवत नाही. "प-वरून आहे," म्हटले की चटकन सांगतात. नाही तर रात्री जेवताना आपोआप आठवते. म्हणजे वस्तू कोठारात आहे, काढायला वेळ लागतो एवढेच.

धुळ्याला त्यांचे मावसभाऊ आहेत, त्यांचे तसे नव्हते. सकाळी कोण येऊन गेले, हे ते दुपारी विसरत. नाव सुचवले, खूण सांगितली, तरी "कोणी आलंच नव्हतं" म्हणत. तासाभरात तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत. चाळीस वर्षे चाललेल्या वाटेवर एकदा चुकले. इथे वस्तू कोठारात शिरलीच नव्हती. आणि चूक त्यांना नव्हे, घरच्यांनाच जाणवत होती.

तरीही लगेच स्मृतिभ्रंश म्हणू नये. थायरॉइड, ब-१२ची उणीव, खिन्नता, बहिरेपणा, झोपेची औषधे यांनीही असे होते, आणि यांतले बरेचसे सुधारते. डॉक्टर आधी तेच तपासतात. कागदावर घड्याळ काढायला लावण्याची चाचणीही जपून वापरावी लागते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हते. कवितेचे एवढे धन ज्यांच्या मुखी होते त्यांची बुद्धी पेन्सिलीने कशी मोजणार?

म्हाताऱ्याची तुलना नातवाशी करू नये, त्याच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशी करावी. मंद झाला तर वय. पण रोजचे नेहमीचे काम हातून सुटू लागले, तर मात्र डॉक्टरांकडे जावे.