लेकीच्या बाळंतपणाची रजा

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण माझी लेक हैदराबादला, डॉक्टर तिकडचे, सिझेरियन आधीच ठरलेलं आणि सासूबाई हयात नाहीत. म्हणजे सोलापूरहून मलाच जायला हवं होतं.

ऑफिसात रजेचे नियम विचारले तर क्लार्कभाऊ म्हणाले, "मॅडम, बालसंगोपन रजा अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी. तुमची मुलगी आता आईच व्हायला निघाली." हसले. मीही हसले. खरंच होतं ते. किरकोळ रजा चार शिल्लक होत्या. त्या दुसऱ्या रजेला जोडता येत नाहीत.

मग त्यांनीच सोपा मार्ग सांगितला. आजारपणाचा दाखला आणा, परिवर्तित रजा घ्या, पगार पूर्ण मिळेल. बहुतेक जण तेच करतात. दाखला देणारे डॉक्टरही त्यांच्या माहितीतले.

घरी येऊन हिशेब मांडला. परिवर्तित रजेत अर्धपगारी खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. वीस दिवसांना चाळीस. शिवाय परत येताना तंदुरुस्तीचा दाखला आणायचा, तोही आजारी नसताना. आणि नातवाचा फोटो स्टेटसला ठेवायचीही भीती! उलट साधी अर्धपगारी रजा खासगी कामासाठीही मिळते. सेवेच्या वर्षाला वीस दिवस जमा होतात आणि माझ्या खात्यात त्या पुष्कळ पडून होत्या. मूळ पगार निम्मा, महागाई भत्ता त्या निम्म्यावर. घराच्या कर्जाचा हप्ता होता, म्हणून दोन रात्री घोळवलं.

शेवटी अर्जात कारण सरळ लिहिलं: विवाहित मुलीच्या प्रसूतीनंतरच्या शुश्रूषेसाठी. सोमवार ते तिसऱ्या आठवड्याचा शनिवार, वीस दिवस. मधले दोन रविवार रजेतच मोजले जातात, पण आधीचा आणि नंतरचा रविवार जोडण्याची परवानगी मागितली. एकूण बावीस दिवस हाती आले. सहामाहीच्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका आधीच काढून दिल्या, त्यामुळे मुख्याध्यापकांनी फार ताणलं नाही.

प्रसूती गुरुवारी झाली, मी रविवारी पोहोचले. सातव्या दिवशी अकीका, पाहुण्यांची वर्दळ. मी दार अडवून बसले. टाक्यांची पोर तासन्‌तास बसून सलाम घेत राहणार? रात्री दर दोन तासांनी बाळाला तिच्याजवळ द्यायचं, तिला ताप येतो का, टाक्यांभोवती लाली किंवा पाणी दिसतं का, रक्तस्राव वाढतो का, एवढंच पाहायचं. हरीरा, गोंदाचे लाडू नंतर. एके रात्री ती रडत म्हणाली, "अम्मी, मला हे जमणार नाही." मी बाळ घेतलं आणि तिला झोपवलं. त्या रात्री माझी तिथं गरज होती, बाकी दिवस बाईनंही भागलं असतं.

निघाले तो पंचविसावा दिवस. चिल्ल्याचे पंधरा दिवस बाकी होते. जावयाने रात्रीची पाळी घेतली. महिनाअखेर पगाराची पावती पाहिली, कपात मोजली, आणि क्लार्कभाऊंना नातवाचा फोटो दाखवला.