बॅरिस्टर होण्यापूर्वीचे बाबासाहेब : १९१३ ते १९२० या वर्षांचा शोध

१/ राजकारणात येण्यापूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकर काय करीत होते, असे विचारले की बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द येतो : वकिली. त्यांची वकिली खरी होती, परंतु ‘पूर्वी’ या शब्दाच्या कसोटीवर हे उत्तर टिकत नाही. ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले १९२२ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले १९२३ मध्ये. त्याआधीच त्यांनी सरकारी समितीपुढे साक्ष दिली होती, एक पाक्षिक सुरू केले होते आणि माणगावच्या परिषदेचे अध्यक्षपदही भूषविले होते. मग त्या काळात त्यांची उपजीविका कशावर चालत होती?

२/ अशा शोधात मी प्रथम कागदाचे दोन रकाने करतो. डावीकडे नोकरी, नेमणूक, वेतन. उजवीकडे सार्वजनिक कृती. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि ती माहिती कोणी, केव्हा लिहिली हेही टिपतो. चरित्रग्रंथांत हे दोन प्रवाह एका कथेत मिसळून येतात. ते वेगळे केल्यावर ध्यानी येते की ‘आधी व्यवसाय, मग सार्वजनिक जीवन’ हा क्रम आपण गृहीत धरलेला असतो. कागदपत्रे त्याला नेहमीच दुजोरा देतात असे नाही.

३/ डाव्या रकान्याचा आरंभ बडोद्यात होतो. बी. ए. झाल्यानंतर जानेवारी १९१३ मध्ये बाबासाहेब बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईस परतावे लागले आणि २ फेब्रुवारीला रामजी सुभेदारांचे निधन झाले. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करावी, ही त्यातील अट होती. या अटीमुळे कोलंबियातील विद्यार्थी हा एका अर्थाने संस्थानचा भावी नोकरच होता आणि पुढचे बडोदा प्रकरण त्या कराराच्या पूर्ततेसाठीच घडले.

४/ या बडोदा प्रकरणापाशी साधनांचा पेच उभा राहतो. बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात त्याविषयी लिहिले आहे. तेथे ते कोलंबियातील वास्तव्य १९१३ ते १९१७ असे देतात, लंडनला जाणे १९१७ मध्ये आणि भारतात परतणे १९१८ मध्ये. समकालीन नोंदींशी हे जुळत नाही. लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेत त्यांचा प्रवेश ऑक्टोबर १९१६ मधला आहे. अपुरा अभ्यास पुढे पूर्ण करण्यासाठी विद्यापीठाने त्यांना जी चार वर्षांची मुदत दिली, ती ऑक्टोबर १९१७ पासून मोजलेली आहे. म्हणजे परतण्याचे वर्ष १९१७ हेच ठरते. आत्मपर लेखनातील सन एकेका वर्षाने पुढे सरकले आहेत.

५/ म्हणून ते लेखन बाजूला ठेवावे काय? माझ्या मते नाही. अनेक वर्षांनी लिहिताना माणसाच्या सनावळीत चूक होते, परंतु रोजचा दिनक्रम, अपमान आणि जागा या गोष्टी स्मृती सहसा घट्ट धरून ठेवते. चरित्रकार सांगतात की बडोद्यात त्यांची नेमणूक ‘मिलिटरी सेक्रेटरी’ म्हणून झाली. बाबासाहेब स्वतः मात्र लिहितात की ते अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवार होते. सकाळी दहाच्या सुमारास निघावे आणि रात्री आठच्या सुमारास पारशी धर्मशाळेतल्या खोलीवर परतावे, असा त्यांचा क्रम होता. चरित्रातील पदनाम भारदस्त आहे. प्रत्यक्ष कामाचे ठिकाण मात्र त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत आहे. पदाचे नाव आणि हातातले काम या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या वेगळ्याच लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे सांगणारा कोण हेही लिहावे.

६/ ही नोकरी फार थोड्या दिवसांत संपली, त्याचे कारण कार्यालयात नव्हे, निवाऱ्यात सापडते. पारशी नाव धारण करून ते त्या धर्मशाळेत राहिले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना जाब विचारून खोली सोडण्यास सांगितले. दुसरीकडे कोठेही आसरा मिळेना, तेव्हा ते मुंबईस परतले. नोकरीचा प्रारंभ आणि शेवट एवढ्याच नोंदी पाहणाऱ्याला येथे केवळ अल्पकाळची सेवा दिसेल. ती अल्पकाळची का झाली, हे सेवापुस्तकाच्या बाहेरच शोधावे लागते.

७/ नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. वेतन दरमहा ४५० रुपये. ही नोकरी मार्च १९२० पर्यंत चालली. आता उजवा रकाना पाहा. २७ जानेवारी १९१९ रोजी त्यांनी मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाविषयी साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. या दोन्ही तारखा सिडनहॅमच्या कालखंडाच्या आत पडतात. म्हणजे त्यांचे सार्वजनिक जीवन सरकारी महाविद्यालयातील प्राध्यापक असतानाच सुरू झाले होते.

८/ रकाने शेजारी ठेवल्याचा खरा लाभ येथे होतो. ‘मूकनायक’वर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे, जरी पहिला अग्रलेख बाबासाहेबांचा होता. उजवा रकाना एकटा वाचला तर हे कोडे वाटते. डावीकडे नजर टाकली की उलगडा होतो : सरकारी महाविद्यालयात नोकरी करणाऱ्याला अशा पत्राचे संपादकपद उघडपणे स्वीकारता येणे कठीण होते. मार्च १९२० मध्ये सिडनहॅमची नोकरी संपली आणि त्याच महिन्यात माणगावच्या परिषदेत ते अध्यक्ष म्हणून उभे राहिले. शाहू महाराजांनी तेथे त्यांचा जाहीर गौरव केला. त्यानंतर साठवलेला पैसा आणि मित्रांचे साहाय्य घेऊन ते अपुरे शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले.

९/ तेव्हा परिचयाचे वाक्य मी असे लिहीन : बडोदा संस्थानच्या सेवेत अल्पकाळ, तेथे अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवारी (१९१७), सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक (१९१८–१९२०), याच काळात सार्वजनिक कार्यास प्रारंभ, १९२३ पासून मुंबईत वकिली. ‘व्यवसायाने वकील’ यापेक्षा हे वाक्य लांब आहे. पण ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकावर बाबासाहेबांचे नाव संपादक म्हणून का नाही, हे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर या वाक्यात आहे.