आभाराची यादी



अक्षय्य तृतीयेला आमच्या स्थानकात सात जणींचं वर्षीतपाचं पारणं झालं. आभार माझ्याकडे होते. सेक्रेटरी भाभींनी यादी पाठवली. सव्वीस नावं, आणि प्रत्येकापुढे "यांचे मंडळ आभारी आहे". घड्याळ लावून मोठ्यानं वाचलं, तर चार मिनिटं लागली. पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, "ताळेबंद वाचतेस का?" मी बी.कॉम., लागलंच मनाला!

मग प्रत्येक नावापुढे लिहिलं, "यांनी नेमकं काय केलं?" माहीत नव्हतं तिथे फोन केला. "रसाच्या व्यवस्थेबद्दल आभार" एवढंच ज्यांच्या वाट्याला होतं, त्या भाऊंनी आदल्या संध्याकाळी चरक स्वतः उभं राहून गरम पाण्यानं दोनदा धुवून घेतला होता. मी लिहिलं, "आज तपस्वींच्या ओठाला लागलेल्या उसाच्या रसामागे भाऊंची कालची अख्खी संध्याकाळ आहे." हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या नावाला चिकटवता येत नाही. चिकटवता आलं, तर समजायचं की आपल्याला अजून पुरेसं माहीत नाही.

क्रमही बदलला. पाहुण्यांना निघायचं असतं, म्हणून ते पहिले. पुढे पदाप्रमाणे न जाता तपस्येच्या वर्षाप्रमाणे गेले: आधी उपवासाचं पाणी, मग एकाआड एक दिवसाची बियासणी, शेवटी मांडव आणि रस. अकरा दाते गाळणं शक्य नव्हतं. त्यांची नावं रकमा न सांगता एका वाक्यात, अकारविल्हे घेतली. "आभार" हा शब्द सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा.

पाण्यापाशी मात्र अडले. वर्षभर पाणी उकळलं कुणी? जिला विचारावं ती म्हणे, "ते असायचंच की तयार!" स्थानकातल्या मावशी पहाटे पातेलं चढवायच्या, परातीत ओतून गार करायच्या. यादीत त्यांचं नाव नव्हतं. भाभी म्हणाल्या, "त्यांना पगार आहे. मग वॉचमनचंही घ्यावं लागेल." मी म्हटलं, घेऊ. दोन दिवस आमचं बोलणं जरा तुटकच होतं, खोटं कशाला सांगू. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन तिन्ही मोजतात, मग करणारीलाच कसं वगळायचं?

भाषणाची सुरुवातच तिथून केली: "सात जणींनी उपवास केले, आणि त्या प्रत्येक उपवासाचं पाणी एकाच बाईच्या हातचं होतं." तपस्वींमधल्या एका काकूंनी मान वळवून मावशींना शोधलं. त्या दाराशी चपला सरळ करत होत्या.

शेवटच्या वाक्याआधी जागा मोकळी ठेवली होती, बरं झालं. ऐन वेळी दोन नावांची चिठ्ठी आलीच. सगळं मिळून तीन मिनिटं झाली.

संध्याकाळी एका दात्यांचा फोन. त्यांचं नाव आठवं का आलं? म्हटलं, "भाऊ, अकारविल्हे होतं." ते म्हणाले, "मग पुढच्या वर्षी आडनावाप्रमाणे घ्या."