तिलावत नीट, बोलणं तुटकं

मी सोलापुरात एका प्राथमिक शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात सर्दी-खोकला झाला आणि घसा बसला. सर्दी आठ दिवसांत गेली, घसा मात्र सुटला नाही. बोलायला लागले की कुणीतरी आतून गळा आवळतंय असं वाटायचं. शब्द मध्येच तुटायचा आणि पुढचं अक्षर जोर लावून बाहेर ढकलावं लागायचं. संध्याकाळपर्यंत मान आणि छाती दुखायची.

सगळ्यात जास्त त्रास हजेरीच्या वेळी व्हायचा. तौफिक, सुफिया, काशिनाथ ही नावं कशीबशी निघायची. आयेशा, इम्रान, उमर, अमोल आले की आवाज अडकलाच. मुलं हसायची. हे काय गौडबंगाल आहे ते मला कळेना.

औषधं बरीच झाली. कुणी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, कुणी गुळण्या करून मौन पाळायला सांगितलं. एकांनी टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. नात्यातल्या एका खालांनी नजर उतरवली. घरात वेगळाच प्रश्न उभा राहिला. फज्रनंतर मी कुरआन पढायचे तेव्हा आवाज बऱ्यापैकी सरळ यायचा. सासूबाई एक दिवस म्हणाल्या, "पढताना आवाज चांगला असतो, मग आमच्याशी बोलतानाच कसा अडकतो?" त्यांना टोमणा मारायचा नव्हता, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मलाच वाटू लागलं की मी नाटक तर करत नाही ना?

मग मुलीच्या रिश्त्याची बातचीत सुरू झाली. मुलाच्या अम्मींचा फोन आला. फोनवर माझा आवाज हमखास जास्त बिघडायचा. दोन वाक्यांनंतर त्या घाबरून म्हणाल्या, "आपा, तुम्ही रडताय का? तुमची मर्जी नाही का?" फोन यांनी घेतला आणि सगळं सांभाळून घेतलं. त्या रात्री यांनी ठरवलं, पुण्याला जायचं.

पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने आम्ही गेलो. तिथल्या आवाजाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून स्वरयंत्र पाहिलं. गाठ नव्हती, सूज नव्हती, लकवाही नव्हता. मी मनात म्हटलं, हेही आता टेन्शनच म्हणणार. पण त्यांनी स्पीच थेरपिस्टना बोलावलं आणि माझ्याकडून एकेक गोष्ट करून घेतली. कुजबुजायला लावलं, आवाज अडकला नाही. हसायला लावलं, तेही मोकळं आलं. सूर लावून काही म्हणा म्हणाले, ते बरं आलं. मग स्वरांनी सुरू होणाऱ्या शब्दांचं एक वाक्य दिलं, 'आजी आली, आंबे आणले' अशासारखं. जवळजवळ प्रत्येक शब्दावर आवाज तुटला. 'काका-काकू सकाळी पुस्तक शोधतात' हे त्यामानाने सहज निघालं. मी हजेरीतल्या नावांची गोष्ट सांगितली तेव्हा डॉक्टर हसले आणि म्हणाले, "निदान तर तुमच्या हजेरीबुकातच होतं."

आजाराचं नाव स्पास्मोडिक डिस्फोनिया. आपल्या गळ्यात दोन स्वरपट्ट्या असतात. बोलताना त्या हलकेच जवळ येतात आणि श्वासाने थरथरतात. या आजारात मेंदूकडून त्यांच्या स्नायूंना चुकीचा हुकूम जातो आणि त्या एकमेकींवर घट्ट आवळल्या जातात. स्वर उच्चारताना पट्ट्या मिटलेल्याच लागतात, म्हणून आवळ तिथेच बसते. क, त, स म्हणताना त्या क्षणभर उघडतात, म्हणून तिथून सुटका होते. कुजबुजणं, हसणं, सुरात पढणं यांत मेंदू गळा वेगळ्या पद्धतीने चालवतो. सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. नुसत्या ताणाने बिघडलेला आवाज बहुधा सगळ्याच अक्षरांवर सारखा बिघडतो आणि व्यायामाने सुधारतो. माझ्याकडून आधी काही आठवडे व्यायाम करून घेतले, ते त्यासाठीच. फारसा फरक पडला नाही, तेव्हा निदान पक्कं झालं. याचा उलटा प्रकारही असतो. त्यात पट्ट्या अचानक उघडतात आणि आवाजाची हवा निघून जाते. त्याचं इंजेक्शन दुसऱ्या स्नायूत देतात.

उपाय म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, ज्याला लोक बोटॉक्स म्हणतात. मुळात ते एका जिवाणूचं विष. अगदी थोडं दिलं तर नसेचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे स्नायू ढिला पडतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर अँड्र्यू ब्लिट्झर यांनी 1984 साली ते या आजारासाठी पहिल्यांदा वापरलं. बाटली साधारण 100 युनिटची असते, मला प्रत्येक बाजूला दीड युनिट दिलं.

भूल देऊन झोपवलं नाही. मान मागे करून आडवं केलं. कंठमण्याच्या खाली बोटाला एक मऊ खाच लागते, तिथून बारीक सुई आत आणि थोडी वर-बाजूला नेली. सुईला तार जोडलेली होती आणि ती स्नायूतली वीज ऐकवणाऱ्या यंत्राला. "ईऽऽ म्हणा," म्हणाले. मी ई म्हणताच यंत्रातून तव्यावर पाणी पडल्यासारखा जोरात आवाज आला. म्हणजे सुई योग्य स्नायूत पोहोचली. मग औषध सोडलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, पण काही मिनिटांत सगळं झालं.

दोन दिवस काहीच फरक नाही. तिसऱ्या दिवशी आवाज एकदम हवेचा झाला, कुजबुजल्यासारखा. पाणी पिताना ठसका लागू लागला. हे आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी घाबरले असते. पट्ट्या ढिल्या पडल्यामुळे नीट मिटत नाहीत आणि पातळ पदार्थ चुकीच्या वाटेने जातात. हनुवटी खाली करून लहान घोट घ्यायचे, तोंडात घास असताना बोलायचं नाही. ठसक्यापाठोपाठ ताप किंवा धाप लागली तर लगेच दवाखान्यात जायचं, हे यांनी कॅलेंडरवरच लिहून ठेवलं.

बाराव्या दिवशी सकाळी सासूबाईंना हाक मारली, "अम्मी, आत या." दोन्ही शब्द स्वराने सुरू होणारे, दोन्ही न तुटता आले. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "परत एकदा म्हण."

हे बरं होणं कायमचं नाही. नसेची टोकं हळूहळू पुन्हा कामाला लागतात, हुकूम परत पोहोचू लागतो. साधारण तीन-चार महिन्यांनी इंजेक्शन पुन्हा घ्यावं लागतं. मेंदूतला दोष तसाच राहतो. मी वही ठेवली आहे. पहिल्या खेपेला बारा दिवस हवेचा आवाज आणि तेराव्या आठवड्यापर्यंत आराम. दुसऱ्या खेपेला डोस कमी केला, तर हवेचा आवाज पाचच दिवस राहिला, पण दहाव्या आठवड्यात गळा पुन्हा आवळू लागला. म्हणून तिसऱ्या खेपेला मधला डोस ठरला. प्रत्येकीचं माप वेगळं असतं आणि ते असंच हुडकावं लागतं. तारीखही बघून घेते. इफ्तारला तहानेने घटाघटा पाणी पिताना ठसका लागू नये म्हणून ती रमजानच्या बरीच आधी किंवा ईदनंतर. गरोदरपणात किंवा स्नायू लवकर थकण्याचा मायस्थेनियासारखा आजार असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

वॉशिंग्टनच्या रेडिओवर रोज बोलणाऱ्या डायेन रीम यांना 1998 मध्ये हाच आजार असल्याचं कळलं. अशीच इंजेक्शनं घेत त्यांनी 2016 पर्यंत आपला कार्यक्रम चालवला. मला तर फक्त हजेरी घ्यायची असते.

मुलीचा निकाह झाला. तिच्या सासूबाईंशी आता फोनवर बोलते. अकराव्या-बाराव्या आठवड्यात आवाज पुन्हा खरखरू लागला की त्याच विचारतात, "आपा, पुण्याची तारीख जवळ आली का?"